गूळ-नाचणी विकणाऱ्या शेतकरी कंपनीचं नाव: सुरुवात पाकिटाच्या मागच्या बाजूने

पुण्यातल्या एका धान्य महोत्सवात आमच्या स्टॉलवर एक बाई आल्या. अर्ध्या किलोची गुळाची ढेप त्यांनी उचलली. पुढे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचलंच नाही, पाकीट थेट उलटं केलं, चष्मा कपाळावर सारला आणि बारीक अक्षरं वाचू लागल्या. मग म्हणाल्या, "कोल्हापुरी म्हणताय, पण पॅकिंग तर इथलंच दिसतंय की, पुण्याचं."

गूळ खरोखर पन्हाळा तालुक्यातल्या गुऱ्हाळातला होता. पॅकिंग मात्र आम्ही पुण्याजवळच्या एका पॅकिंगवाल्याकडून करून घेत होतो, म्हणून मागे त्याचा पत्ता. मी समजावायला लागलो, त्यांनी ऐकूनही घेतलं आणि ढेप हळूच जागेवर ठेवली. तेव्हापासून कोणत्याही शेतकरी कंपनीने "नाव सुचवा" म्हटलं की मी आधी विचारतो, पाकिटाच्या मागे काय छापणार आहात? शहरातलं गिऱ्हाईक पुढच्या नावावर भाळत असेल, पण विश्वास मागचं वाचून ठेवतं. पुढचं नाव आणि मागचा पत्ता एकमेकांना साक्षीदार असले पाहिजेत.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो. समजा, कोल्हापूर जिल्ह्यातली एक नवी कंपनी आहे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतली चार गुऱ्हाळं तिच्या सभासदांची आहेत. नाचणी आणि थोडी वरई शाहूवाडी आणि गगनबावड्याच्या डोंगरउतारावरून येते. शिवाय भाकरीच्या मिश्र पिठासाठी ज्वारी लागते, ती मंगळवेढ्याकडून विकत घ्यावी लागते. कंपनी काल्पनिक आहे, पण अशी गुंतागुंत बहुतेक कंपन्यांत असतेच.

पहिली पायरी: एक नाव नाही, तीन ओळी

संचालकांच्या बैठकीत नावावरून भांडण होतं ते बहुतेकदा तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावात कोंबायच्या असतात म्हणून. गावाचा अभिमान, देवाचं नाव आणि गुळाची गोडी, सगळं त्यात यायला हवं असतं. ते सोडवायचा उपाय म्हणजे फळ्यावर तीन रेघा ओढायच्या.

पहिली रेघ कंपनीच्या कायदेशीर नावाची. कंपनी कायद्याप्रमाणे त्याच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' हे शब्द येतातच, ते टळत नाहीत. हे नाव बँक, जीएसटी, अन्न परवाना आणि पाकिटाच्या मागची बाजू यांच्यासाठी.

दुसरी रेघ ब्रँडची. हे पुढे मोठ्या अक्षरात येतं आणि एका शेजारणीने दुसरीला फोनवर सांगताना तिच्या तोंडी येतं.

तिसरी रेघ उगमाची. हा माल कुठल्या गावचा, कुठल्या गुऱ्हाळाचा, हे साध्या वाक्यात. ही ओळ मालानुसार आणि हंगामानुसार बदलू शकते. पहिल्या दोन बदलू शकत नाहीत, निदान स्वस्तात नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या दोन्ही रेघांचा पहिला शब्द एकच ठेवा. पुढे जो शब्द वाचला तोच मागे पत्त्यावर दिसला की वाचणाऱ्याला जोड लावावी लागत नाही. कंपनी आधीच लांबलचक नावाने नोंदली असेल तर मात्र ते बदलण्याच्या फंदात पडू नका. विशेष ठराव, मग पॅन, जीएसटी, बँक, अन्न परवाना, सगळी साखळी हलते. त्यापेक्षा ब्रँड वेगळा घ्या आणि मागे स्पष्ट छापा की हा अमुक प्रोड्युसर कंपनीचा ब्रँड आहे.

दुसरी पायरी: नावाआधी मालाचा जमाखर्च

शब्द सुचवायच्या आधी एक कागद घ्या. विकायचा प्रत्येक माल एका ओळीत लिहा आणि समोर चार गोष्टी: कुठल्या गावांत पिकतो, त्यातला किती सभासदांचा, कुठे तयार होतो, कुठे पॅक होतो. आपल्या उदाहरणातल्या कंपनीचा कागद असा होईल. गूळ: करवीर-पन्हाळा, सगळा सभासदांचा, चार गुऱ्हाळं, पॅकिंग स्वतःच्या शेडमध्ये. नाचणी: शाहूवाडी-गगनबावडा, सभासदांची, दळण कोल्हापुरात. ज्वारी: सोलापूर जिल्हा, विकतची.

आता हा कागद समोर ठेवून प्रत्येक सुचवलेलं नाव त्यातल्या प्रत्येक ओळीला लावून बघा. कोणीतरी 'पन्हाळा' म्हणेल. गुळाला चालेल, नाचणीला नाही, ज्वारीला तर अजिबात नाही. जे नाव कागदावरच्या एका ओळीलाही खोटं पाडतं ते पुढे कधीतरी तुम्हालाही खोटं पाडेल. आणि ते एखादा चौकस ग्राहकच दाखवून देईल, तेही ऑनलाइन, चारचौघांत.

हा कागद पाच वर्षं पुढचाही करा. पाऊस हुकला आणि नाचणी कमी पडली तर कुठून आणणार? शेजारच्या तालुक्यातून की रत्नागिरीतून? उत्तर प्रामाणिकपणे लिहा. एका गावाचं नाव ब्रँडवर कोरलं की त्या गावात माल संपतो त्या दिवशी दोनच वाटा उरतात: विक्री थांबवा किंवा खोटं बोला. मी पाहिलेल्या कंपन्यांत पहिली वाट कोणी घेतली नाही.

तिसरी पायरी: ठिकाणांची नावं एकेक करून तपासा

कोल्हापूरकराला पहिलं सुचतं ते अर्थात 'कोल्हापुरी'. ते सोडून द्यायला जीव होत नाही, कारण गूळ म्हटलं की तेच आठवतं. पण अडचण तिथेच आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नोंदणी कोल्हापूरच्या बाजार समितीच्या नावावर आहे. मानांकन मिळालेलं नाव कोणा एका कंपनीला स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. ते त्या टापूतल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. तुम्ही त्या टापूतले असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या आणि मानांकनाचं नाव गुळाच्या पाकिटावर उगमाच्या ओळीत वापरा. तिथे ते खरं बळ देतं. ब्रँडमध्ये घातलं तर तुमच्या हातात मालकी काहीच येत नाही. शिवाय बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही तक्रार बाजारात इतकी जुनी आहे की, नुसत्या त्या शब्दाने शहरातल्या जाणत्या ग्राहकाची शंका वाढतेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन आहे, म्हणून मिश्र पिठावर 'मंगळवेढा' लिहायचं तर ज्वारी खरोखर तिथलीच असावी लागते.

मग नद्या. नद्यांची नावं गोड असतात आणि गावापेक्षा मोठा मुलूख कवेत घेतात, म्हणून पहिल्यांदा मलाही ती आवडायची. पण कोल्हापूर जिल्ह्यात नदीचं नाव घेतलं की साखर कारखान्याची चिमणी दिसते. भोगावती, कुंभी-कासारी, पंचगंगा, दूधगंगा-वेदगंगा, सगळी नावं कारखान्यांनी घेतलेली आहेत. गूळ विकताना ग्राहकाला "हा त्या कारखान्याचाच का?" असं वाटणं याहून उलटं काय असेल! एकटं 'कासारी' घ्यावं म्हटलं तर 'फुले कासारी' नावाचा नाचणीचा वाण आहे. तुमच्या पाकिटात तो नसला तर जाणकार शेतकरीच विचारेल. 'तुळशी' नदी उरते, पण पुण्यात तुळशी वाचून कोणाला नदी आठवेल?

गड-किल्ल्यांकडे गाडी वळली की एक गोष्ट लक्षात ठेवा. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव धंद्याच्या नावात घ्यायला १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या अनुचित वापराविरुद्धच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराजांचं चित्रही त्यात येतं. ढेपेवर महाराजांचा छाप मारायची कल्पना हमखास कोणीतरी मांडतं, ती तिथेच थांबवा.

एकूण ठिकाणाबद्दल माझा नियम असा: ठिकाण जितकं लहान आणि नेमकं, तितकं ते उगमाच्या ओळीत शोभतं. ब्रँडमध्ये ठिकाण घालूच नये. ट्रेडमार्क कार्यालयही निव्वळ ठिकाण सांगणाऱ्या शब्दावर सहसा हरकत घेतं.

चौथी पायरी: विशेषणांना चाळणी

'शुद्ध', 'अस्सल', 'पारंपरिक', 'नैसर्गिक' हे शब्द सभेत टाळ्या घेतात. पण अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम काय म्हणतात ते बघा. ब्रँडच्या नावातच असं विशेषण असेल आणि त्याने ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असेल, तर पाकिटावर किमान ३ मिलिमीटरच्या अक्षरांत खुलासा छापावा लागतो. त्याचा मतलब असा की, हे केवळ ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप ते सांगत नाही.

आता कल्पना करा, पुढे 'शुद्ध' आणि पाकीट उलटं केल्यावर तुमच्याच सहीशिक्क्याने "हे खरं नव्हे" अशा अर्थाची ओळ. त्या चष्मेवाल्या बाई काय म्हणतील? विश्वासासाठी घेतलेला शब्दच विश्वास घालवतो. मी एका कंपनीला हे सांगायला पोचलो तोवर पाच हजार पाऊच छापून गोडाऊनला पडले होते.

'सेंद्रिय' आणि 'ऑर्गॅनिक' यांचं वेगळं आहे. ते वापरायला प्रमाणपत्राची यंत्रणा लागते, राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाखाली किंवा शेतकऱ्यांच्या गटानेच एकमेकांची हमी द्यायच्या पीजीएस पद्धतीखाली. तुमच्या चारांपैकी एकाच गुऱ्हाळाचा ऊस प्रमाणित असेल तर तो शब्द त्या एका मालाच्या लेबलवर जाईल, कंपनीच्या नावात जाणार नाही.

'केमिकलमुक्त' तर टाळाच. गुऱ्हाळावर उभं राहून पाहिलेल्याला कारण सांगायला नको. रस काहिलीत तापला की मळी काढायची असते, त्यासाठी रानभेंडीचा चिकट रस घालतात आणि बहुतेक ठिकाणी चुन्याची निवळीही. चुना रसायनच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न असतो रंग उजळायला घातलेल्या हायड्रॉसचा. मग पाकिटावर साधं लिहा: मळी काढायला भेंडी आणि चुना वापरला आहे, हायड्रॉस वापरलेला नाही. मात्र हे लिहायच्या आधी गुळव्याशी बोला, त्याच्या खोलीतले डबे बघा आणि गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. असं एक खरं वाक्य दहा विशेषणांचं काम करतं.

रंगाचीही नावं घेऊ नका. 'सोनेरी', 'केशरी' वगैरे. गुळाचा रंग जमीन, उसाचा वाण, खत आणि पाकाची उतरणी यांवर ठरतो आणि पावसाळ्यात तोच गूळ काळपट पडतो. सोनेरी नावाच्या पाकिटात जुलैमध्ये तपकिरी ढेप गेली की ग्राहक तक्रार करतो. मग कोणीतरी गुळव्याला म्हणतं, "जरा रंग काढ की." हायड्रॉस गुऱ्हाळात परत शिरतो तो असा, नावाच्या वाटेने.

पाचवी पायरी: कामाच्या जागेवरून शब्द आणा

ठिकाणं गेली, विशेषणं गेली. उरतात कामाचे शब्द. नावाची शोधाशोध सभागृहात न करता गुऱ्हाळावर आणि नाचणीच्या रानात करा. वही घेऊन एक दिवस बसा आणि माणसं जे बोलतात ते टिपा: चुलवाण, काहिल, आधण, मळी, रवा, ढेप, वाफा, तरवा, खळं. हे शब्द कोणाच्या मालकीचे नसतात, पण गूळ-नाचणीच्या दुकानात फारसे दिसत नाहीत, म्हणून ते लक्षात राहतात. आणि त्यांचा अर्थ सांगताना आपोआप माल कसा होतो ते सांगितलं जातं.

यादी झाली की प्रत्येक शब्दाला तीन चाचण्या लावा. फोनवर एकदाच उच्चारून समोरच्याला लिहायला सांगा. रोमन लिपीत टाइप करून अनोळखी माणसाला वाचायला द्या. हिंदी बोलणाऱ्याला अर्थ विचारा. मुंबई-पुण्यात तुमचा अर्धा ग्राहक मराठी वाचणारा नसेल, हे विसरू नका.

आपल्या यादीचं काय होतं बघू.

'आधण' माझा लाडका शब्द. गुऱ्हाळावर एका काहिलीचा एक घाणा म्हणजे एक आधण, आणि घरात भाताचं, उकडीचं पाणी ठेवतात तेही आधणच. गूळ आणि नाचणी दोघांच्या मधोमध बसणारा. पण रोमनमध्ये `Adhan` लिहिलं की वाचणारा अजान वाचतो, `Aadhan` लिहिलं की घाईत आधार कार्ड वाचतो. दोन्ही वाचणारे चुकलेले नाहीत. लाडका शब्द गेला.

'काहिल' हिंदीत गेला की आळशी होतो. संपलं.

'उतारा' एका संचालकाने सुचवला होता. सातबारा उताऱ्यातला उतारा, शिवाय उसाचाही उतारा असतो, म्हणजे शेतकऱ्याचा कागद आणि पिकाचं माप दोन्ही. कल्पना चांगलीच होती. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "तिठ्यावर टाकत्यात त्यो उतारा खायला घालणार व्हय माणसास्नी?" सभा अर्धा तास हसत होती. बैठकीत एखादी आजी असावीच.

'चुलवाण' बरा होता. उच्चार सोपा, चूल ऐकू येते. पण तो पूर्ण गुळाचा आहे, नाचणीचा चुलवाणाशी संबंध नाही. दुसऱ्या पायरीतला कागद इथे पुन्हा कामाला येतो.

'वाफा' टिकला. तयार पाक काहिलीतून थंड व्हायला ज्यात ओततात तो वाफा, आणि नाचणीची रोपं पावसाच्या तोंडावर ज्यात वाढवतात तो गादीवाफा. दोन्ही मालांची गाठ त्या एका शब्दात पडते. वाचणाऱ्याला वाफही ऐकू येते. रोमनमध्ये `Vafa` लिहिलं की हिंदी-उर्दूवाला 'वफा' वाचतो, म्हणजे निष्ठा. चुकून वाचलं तरी बरंच वाचलं जातंय! बेवफाईचे विनोद होतील, ते सोसावेत. हा शब्द उदाहरणापुरता आहे, पुढच्या पायरीतला शोध घेतल्याशिवाय उचलू नका.

सहावी पायरी: नाव कोणाचं आहे ते शोधा

शोध दोन ठिकाणी घ्यायचा आणि दोन्हीकडची उत्तरं वेगळी असू शकतात, इथेच बहुतेकांची गफलत होते. कंपनी खात्याने नाव मंजूर केलं म्हणजे ब्रँड तुमचा झाला असं नसतं.

कंपनी खात्याकडे नाव राखायचं ते `SPICe+` या अर्जाच्या पहिल्या भागातून. शुल्क एक हजार रुपये, पसंतीक्रमाने दोन नावं देता येतात, मंजूर झालेलं नाव २० दिवस राखून ठेवतात. तेवढ्या वेळात बाकीचे कागद जोडावे लागतात, म्हणून किमान दहा उत्पादक सभासदांचे पॅन, ओळखपत्रं आणि उत्पादक असल्याचे दाखले आधी गोळा करून मगच अर्ज भरा. आधीच्या कंपनीच्या नावाला नुसतं गावाचं नाव जोडून वेगळेपण येत नाही, त्या कंपनीची ना-हरकत लागते. एकवचनाचं अनेकवचन केलं, स्पेलिंग बदललं, दोन शब्द जोडले, तरी नाव तेच धरतात.

ट्रेडमार्कचा शोध सरकारच्या संकेतस्थळावर फुकट घेता येतो. तिथे उच्चारावरून शोधायची सोय आहे, ती वापराच. मराठी शब्द रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहिता येतो ते सगळं टाइप करा: `Vafa`, `Wafa`, `Vapha`, `Waafa`. देवनागरीतला शब्द कोणी चित्रचिन्ह म्हणून नोंदवला असेल तर तो या उच्चारानेच सापडतो. वर्ग दोन बघायचे. गूळ आणि सगळी पिठं ३० व्या वर्गात येतात, अख्खं कच्चं धान्य ३१ व्या वर्गात. बरेच जण फक्त ३० मध्ये अर्ज करून मोकळे होतात आणि वर्षभराने अख्ख्या नाचणीच्या पाकिटावर त्याच नावाचा दुसरा कोणी उभा राहतो. स्वतःच्या नावाचं दुकान किंवा संकेतस्थळ काढणार असाल तर ३५ वा वर्ग पुढे कधी घेता येईल.

शुल्क प्रत्येक वर्गाला वेगळं. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी ४,५०० रुपये, नाहीतर ९,०००. म्हणजे दोन वर्गांचे ९,००० की १८,००० हे एका मोफत नोंदणीवर ठरतं. आधी उद्यम करा. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला की चार महिने कोणालाही हरकत घेता येते. ते निभावलं आणि नोंदणी झाली की दहा वर्षं.

एक गोष्ट ठासून सांगतो. अर्ज कंपनीच्या नावाने करा. "कंपनी अजून व्हायचीय, तोवर माझ्या नावाने टाकू" असं अध्यक्ष चांगल्या मनानेच म्हणतात. पुढे अध्यक्ष बदलतात, मनंही बदलतात, आणि दोनशे शेतकऱ्यांचं नाव एका घराच्या कपाटात अडकतं. अशी एक तडजोड मी पाहिली आहे. तीन वर्षं लागली आणि शेवटी स्वतःचंच नाव विकत घ्यावं लागलं. लोगो काढणाऱ्या मुलाकडूनही हक्क कंपनीला दिल्याचं लिहून घ्या, भाचा असला तरी.

सातवी पायरी: मागची बाजू लिहा

आता त्या पाकिटाच्या मागे. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो, मराठी त्याच्या जोडीला चालते. म्हणजे नुसत्या मराठी लेबलवर भागत नाही. पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक, वजन, तारखा, लॉट नंबर हे सगळं येतंच. पॅकिंग बाहेरून करून घेणार असाल तर त्याचा पत्ता येणार, आणि माझ्यासारखी फजिती होणार. शक्य असेल तर पहिल्या भांडवलातून ढेपा गुंडाळायची आणि पिठाची पाकिटं शिवायची छोटी शेड गुऱ्हाळाच्या तालुक्यात उभी करा. नावावर खर्च करण्याआधी त्या पत्त्यावर करा. ते जमत नसेल तर दोन्ही पत्ते देऊन कोण काय करतं ते स्पष्ट लिहा.

त्याखाली उगमाची ओळ. गुळाच्या पाकिटासाठी ती अशी होईल:

"गूळ: पन्हाळा तालुक्यातील आमच्या दुसऱ्या गुऱ्हाळात तयार. ऊस आसपासच्या सभासदांच्या रानातला. तयार केल्याची तारीख ९ डिसेंबर, तिसरं आधण."

आणि मिश्र पिठासाठी:

"नाचणी: गगनबावडा व शाहूवाडी, आमच्या सभासदांची. ज्वारी: मंगळवेढा, विकत घेतलेली. दळण: कोल्हापूर."

'विकत घेतलेली' हा शब्द छापायला संचालक कचरतात. छापा. ज्या पाकिटावर एवढं कबूल केलंय त्यावरचं 'आमच्या सभासदांची' हे वाचणाऱ्याला खरं वाटतं.

लॉट नंबर छापावा लागतोच, मग त्यालाच बोलका करा. कायद्याला कोणताही आकडा चालतो, पण 'गु-२-०९१२-३' असा लिहिला तर दुसरं गुऱ्हाळ, ९ डिसेंबर, तिसरं आधण हे त्यातून निघतं. हजार लिटर रसाच्या आधणाला दोनशे किलोच्या आसपास गूळ पडतो, म्हणजे अर्ध्या किलोच्या चारेकशे ढेपा. एवढ्या लहान लॉटचा माग काढणं वहीतही जमतं. गुऱ्हाळावर एक वही लटकवायची, प्रत्येक आधणाला एक ओळ: तारीख, कोणाचा ऊस, वाण, गुळव्या कोण, काय घातलं, किती निघालं. क्यूआर कोडच्या मागे लागायची घाई नको. वही नसताना छापलेला कोड नुसत्या जाहिरातीच्या पानावर नेतो, आणि ग्राहकाला ते दुसऱ्या स्कॅनलाच कळतं.

वही कच्ची आहे की पक्की ते ओळखायची युक्ती सोपी आहे. दुकानातून आपलंच एक पाकीट विकत घ्या, कंपनीच्या नंबरवर अनोळखी म्हणून फोन करा आणि लॉट नंबर सांगून विचारा, हा ऊस कोणाचा. पाच मिनिटांत गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव मिळालं तर ठीक. "साहेब, सगळा आपल्याच शेतकऱ्यांचा आहे" असं उत्तर आलं तर छपाई थांबवा.

छपाईबद्दल शेवटचं. रंगीत छापील पाऊच हजारोंच्या गठ्ठ्यातच परवडतात, म्हणून त्यांवर फक्त न बदलणारं छापा: 'वाफा', कंपनीचं नाव, कायमचा पत्ता, परवाना, फोन. उगमाची ओळ आणि लॉट मात्र स्टिकरवर ठेवा. साधा लेबल प्रिंटर शेडमध्ये असला की पुरतं. पुढच्या वर्षी गगनबावड्याची नाचणी पावसाने खाल्ली आणि राधानगरीतून घ्यावी लागली, तर स्टिकरवर 'राधानगरी, विकत घेतलेली' असं येईल आणि पाऊच तसाच राहील.